सरळव्याज-चक्रवाढव्याजाचा फरक : ६० की ६१?

कृष्णाकाठ

सरळसेवा आणि बँक अशा दोन्हींची तयारी चालू आहे. काल अभ्यासिकेत सराव पेपर लावला होता, त्यात हा प्रश्न आला:

"द.सा.द.शे. ५ दराने ८००० रुपयांवरील ३ वर्षांच्या सरळव्याज व चक्रवाढव्याजातील फरक किती?"
पर्याय: ५८, ६०, ६१, ६३.

दोन वर्षांच्या फरकाचं सूत्र मला पाठ आहे, मुद्दल × (दर/१००)². त्यानं २० आले. तीन वर्षं आहेत म्हणून तिप्पट केली आणि ६० ला खूण केली. पर्यायांत ६० होतंच, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. उत्तरतालिकेत ६१ आहे. मग घरी येऊन लांबच्या रस्त्यानं केलं, ८००० ला तीनदा १.०५ नं गुणलं, ९२६१ आले. म्हणजे ६१ च बरोबर. पण त्याला दोन मिनिटं गेली. बँकेच्या पूर्वपरीक्षेत २० मिनिटांत ३५ प्रश्न असतात, म्हणजे एकाला धड ३५ सेकंदही नाहीत. तो वरचा १ रुपया कुठून येतो आणि झटकन कसा पकडायचा?

---

भागाकार

तिप्पटच करायची असते. आमच्या क्लासमध्ये हेच शिकवलंय आणि मी आजवर तसंच करत आलोय. १ रुपयाचा फरक म्हणजे राउंडिंग असणार. पर्याय लांब लांब असतील तर तिप्पट करून जवळचा घ्यायचा, विषय संपला.

---

घाईत_आहे

माझं उत्तर ४१ येतंय. पर्यायांत ४१ नाहीच. प्रश्नच चुकलाय, हरकत नोंदवा.

---

जुना_हिशेबनीस

राउंडिंग नाही हो. ८००० ला ५ टक्के लावताना अपूर्णांक कुठे आला, की राउंडिंग करावं लागेल? तो रुपया खराखुरा आहे.

मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत खतावण्या लिहिल्या. त्यामुळे सूत्रापेक्षा वर्षवार पानं डोळ्यांपुढे येतात. तसंच सांगतो.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे ४०० व्याज. फरक शून्य. इथं सगळ्यांचं एकमत असतं.

दुसऱ्या वर्षी सरळव्याजवाल्याला पुन्हा ४००. चक्रवाढवाल्याला ते ४०० मिळतातच, शिवाय गेल्या वर्षीचे जे ४०० खात्यात पडून आहेत त्यांच्यावर ५ टक्के, म्हणजे २०. फरक २०.

आता तिसरं वर्ष. चक्रवाढवाल्याच्या खात्यात मुद्दल सोडून किती व्याज साठलंय? ४०० आणि ४२०, म्हणजे ८२०. त्याच्यावर ५ टक्के म्हणजे ४१. एवढंच त्याला सरळव्याजवाल्यापेक्षा जास्त मिळणार.

० + २० + ४१ = ६१.

तो रुपया म्हणजे २० रुपयांवरचं ५ टक्के व्याज. दुसऱ्या वर्षी जे २० जादा मिळाले, तेही तिसऱ्या वर्षी कामाला लागले. भागाकारनं तिप्पट केली तेव्हा त्या २० ला त्यानं घरी बसवून ठेवलं.

म्हणून तीन वर्षांसाठी तोंडी असं करायचं: दोन वर्षांचा फरक काढा, त्याची तिप्पट करा, आणि त्याच फरकावर एका वर्षाचं व्याज वर टाका. २० ची तिप्पट ६०, २० वर ५ टक्के १, झाले ६१. सूत्र लिहायचीही गरज नाही.

आणि घाईत_आहे, तुमचे ४१ चुकीचे नाहीत. तुम्ही वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय. परत वाचा.

---

घाईत_आहे

अरेच्चा! मी "तिसऱ्या वर्षाच्या" वाचलं, तिथं "३ वर्षांच्या" आहे. हरकत मागे.

---

कृष्णाकाठ

काका, हे वर्षवार सांगितलंत ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला थेट (३ + दर/१००) असलं काहीतरी कंसात पाठ करायला लावतात. आता कळलं की तो ३ म्हणजे तिप्पट आणि शेजारचा दर/१०० म्हणजे तो चुकार रुपया.

चार वर्षं आली तर?

---

जुना_हिशेबनीस

तेच पान पुढे उलटायचं. तीन वर्षांनी साठलेलं चक्रवाढव्याज १२०० + ६१ = १२६१. त्यावर ५ टक्के ६३.०५. आधीचे ६१ धरून १२४.०५. पण चार वर्षं परीक्षेत क्वचित येतात, त्यामुळे त्यासाठी वेगळं काही पाठ करत बसू नका.

---

भागाकार

मान्य, राउंडिंग नव्हतं. पण माझा मुद्दा सोडत नाही. ६० आणि ६१ दोन्ही पर्यायांत असणं हा दुष्टपणा आहे. नेहमी असं नसतं.

---

फळा_आणि_खडू

नेहमीच असतं. मी स्पर्धा परीक्षेच्या वर्गात अंकगणित घेतो, सराव पेपर स्वतः काढतो. पर्याय तयार करताना आम्ही आधी विचार करतो की पोरं कुठे घसरतील, आणि घसरून जिथे पोचतील तो आकडा पर्यायांत ठेवतो. या प्रश्नात ६० ठेवला नाही तर पेपर काढणारा नवशिका म्हणायचा. शिवाय दर वाढला की तुमची तिप्पट आणखी उघडी पडते. ५ टक्क्यांना ६० च्या जागी ६१. पण २० टक्क्यांना १००० रुपयांवर दोन वर्षांचा फरक ४०, तिप्पट १२०, खरं उत्तर १२८. आता जवळचा पर्याय कुठला घ्याल?

हिशेबनीसकाकांच्या पद्धतीला माझी एक पुरवणी. दर सुटसुटीत अपूर्णांकात बसत असेल तर आणखी लवकर होतं. ५ टक्के म्हणजे विसावा हिस्सा. २० चा घन ८०००. मुद्दल ८००० असेल तर तीन वर्षांचा फरक २० ची तिप्पट अधिक १, म्हणजे ६१. १० टक्के म्हणजे दहावा हिस्सा: १००० वर ३१. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा: ५१२ वर २५. २० टक्के म्हणजे पाचवा: १२५ वर १६. छेदाचा घन हे मुद्दल, छेदाची तिप्पट अधिक १ हा फरक.

याचा खरा उपयोग उलट्या प्रश्नात होतो. "१० टक्के दराने ३ वर्षांचा फरक ९३ रुपये, तर मुद्दल किती?" १० टक्क्यांना १००० वर ३१. ९३ म्हणजे ३१ ची तिप्पट. मुद्दल ३०००. पेन उचलायचंच नाही.

७ टक्के, ९ टक्के असले दर आले की ही युक्ती सोडून द्या आणि काकांच्या रस्त्यानं जा. १०,००० वर ७ टक्के: दोन वर्षांचा फरक ४९, तिप्पट १४७, ४९ वर ७ टक्के ३.४३, एकूण १५०.४३.

---

आमराई_सांगोला

विषय व्याजाचा निघालाच हाय म्हणून इचारतो. मी परीक्षेला बसत नाय. चुलतभावाला दोन वर्सामागं पन्नास हजार दिलं, शेकडा दोननं. आता त्यानं ७४ हजार आणून दिलं आन म्हनला हिशेब मिटला. माझी पोरगी कालेजात हाय, ती म्हनती व्याजावर व्याज धरलं तर अजून पैसं निघत्यात. किती निघत्यात?

---

भागाकार

शेकडा दोन म्हणजे २ टक्के. ५०,००० वर दोन वर्षांचा फरक २० रुपये. वीस रुपयांसाठी भावाशी वाकडं घेऊ नका दादा.

---

फळा_आणि_खडू

भागाकार, तू कधी गावाकडे गेला नाहीस काय? शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. वर्षाला २४ टक्के झाले. म्हणूनच दोन वर्षांचं सरळव्याज २४ हजार आणि परतफेड ७४ हजार.

वर्षाला व्याज मुद्दलात मिळवलं तर: पहिल्या वर्षाचं व्याज १२,०००, त्यावर २४ टक्के म्हणजे २,८८०. तुमची मुलगी म्हणते तो फरक २,८८० रुपये.

---

जुना_हिशेबनीस

थांबा. सर, तुम्ही वर्षाला मिळवलं. पण ठरलंय महिन्याला. कुणी म्हणेल दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवा. मग २ टक्क्यांचे २४ टप्पे होतात आणि रक्कम ८०,४२२ च्या आसपास जाते. फरक २,८८० राहत नाही, ६,४०० च्या पुढे जातो. व्याज किती दिवसांनी मुद्दलात मिसळायचं हे आधी ठरल्याशिवाय "फरक किती" या प्रश्नाला उत्तरच नाही.

आमराईदादा, देताना काय बोलणं झालं होतं?

---

आमराई_सांगोला

बोलनं काय व्हनार. आईच्या दवाखान्याला पायजे हुतं त्याला. शेकडा दोन एवढंच बोललो.

---

जुना_हिशेबनीस

मग दादा, ७४ हजारच बरोबर आहेत. न बोललेलं व्याजावरचं व्याज नंतर मागता येत नाही. गावात शेकड्यानं दिलेलं मी तरी सरळव्याजानंच धरताना पाहिलंय.

---

कृष्णाकाठ

आमराईदादांच्या निमित्तानं माझा पुढचा प्रश्न. "व्याज सहामाही आकारणी" असं लिहिलेलं असलं की मी गोंधळते. परवाचा प्रश्न: १६,००० रुपये, द.सा.द.शे. १०, मुदत १ वर्ष, चक्रवाढव्याज दर सहामाहीस आकारल्यास सरळव्याजाशी फरक किती? मी लिहिलं शून्य, कारण पहिल्या वर्षी फरक नसतो असं डोक्यात.

---

फळा_आणि_खडू

पहिल्या वर्षी नव्हे, पहिल्या टप्प्यात फरक नसतो. वर्ष हा शब्द डोक्यातून काढा. सहामाही म्हटलं की दर निम्मा आणि टप्पे दुप्पट. इथं ५ टक्क्यांचे दोन टप्पे. १६,००० वर ५ टक्क्यांना दोन टप्प्यांचा फरक म्हणजे पाव टक्का, ४० रुपये.

हा पाव टक्का लक्षात ठेवा. दोन टप्प्यांचा फरक ५ ला पाव टक्का, १० ला एक टक्का, २० ला चार टक्के. आमच्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ असायची, त्यांना हे सांगावंही लागलं नसतं.

तोच प्रश्न दीड वर्षाचा असता तर ५ टक्क्यांचे तीन टप्पे. ८००० ला ६१, म्हणून १६,००० ला १२२. तुमचाच पहिला प्रश्न कपडे बदलून आला.

---

रात्रपाळी

मी मध्येच घुसतो. नोकरी करून अभ्यास करतोय. मला फरक काढायला जमतं, पण दोन्ही व्याजं देऊन दर विचारला की चुकतो. "एका रकमेचं २ वर्षांचं सरळव्याज १२०० आणि चक्रवाढव्याज १२६०. दर किती?" मी ६० ला १२०० नं भागलं, ५ टक्के. पर्यायांत होतं. चूक निघालं.

---

घाईत_आहे

हा मला येतो! दहा टक्के. माझंही आधी ५ च यायचं. ते १२०० दोन वर्षांचे आहेत. ६० रुपये मिळाले ते फक्त पहिल्या वर्षाच्या व्याजावर, म्हणजे ६०० वर. ६०० वर ६०, दर १० टक्के, मुद्दल ६०००.

---

जुना_हिशेबनीस

शाब्बास. यावेळी नीट वाचलंत.

रात्रपाळी, पडताळून बघा: ६००० वर १० टक्क्यांनी ६०० आणि ६६०, बेरीज १२६०. तुमच्या ५ टक्क्यांनी १२०० सरळव्याज यायला मुद्दल १२,००० लागतं, आणि मग फरक ३० येतो, ६० नाही. अशी उलट तपासणी पाच सेकंदांत होते. हा फरक नेहमी "कशावर मिळाला" एवढं विचारायचं.

---

रात्रपाळी

म्हणजे फरक मिळतो व्याजावर आणि मी त्याला दोन्ही वर्षांच्या व्याजानं भागत होतो. आणि काका, दोन वर्षांचा फरक २० आणि तीन वर्षांचा ६१ एवढंच दिलं तर दर निघतो का? असा एक प्रश्न मी सोडून दिला होता.

---

जुना_हिशेबनीस

वर मीच लिहिलंय की हो. तीन वर्षांचा फरक म्हणजे दोन वर्षांच्या फरकाची तिप्पट आणि वर त्याच्यावरचं एका वर्षाचं व्याज. ६१ मधून २० ची तिप्पट काढा, १ उरला. २० वर १ म्हणजे ५ टक्के. मुद्दलाची गरजच पडली नाही.

---

फूटपट्टी

सगळं ठीक, पण अडीच वर्षांचं काय? मुदत २ वर्षे ६ महिने, व्याज वार्षिक आकारणी, दर १०, मुद्दल ८०००. आमच्या गटात यावरून भांडण झालं. एकजण म्हणतो १.१ चा अडीचवा घात घ्या. तो कॅल्क्युलेटरवाला आहे.

---

फळा_आणि_खडू

परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे अडीचवा घात कुणी अपेक्षित धरत नाही. दोन पूर्ण वर्षं चक्रवाढ, आणि उरलेल्या सहा महिन्यांना तेव्हाच्या रकमेवर निम्म्या दरानं व्याज. दोन वर्षांनी रक्कम ९६८०, तोवरचा फरक ८०. शेवटच्या सहा महिन्यांत ९६८० वर ५ टक्के ४८४, सरळव्याजवाल्याला ४००. जादा ८४. एकूण १६४.

---

फूटपट्टी

पण मग वर कृष्णाकाठला तुम्ही सांगितलंत की दर निम्मा आणि टप्पे दुप्पट. अडीच वर्षांना ५ टक्क्यांचे ५ टप्पे का नाही?

---

फळा_आणि_खडू

कारण तिथं आकारणी सहामाही होती, इथं वार्षिक आहे. मुदतीत सहा महिने आले म्हणून आकारणी सहामाही होत नाही. पाच टप्पे धरले तर उत्तर २१० च्या वर जातं, आणि पेपर काढणारा शहाणा असेल तर तोही पर्याय ठेवतो.

---

कॅल्क्युलेटरवाला

फूटपट्टीनं ज्याची तक्रार केली तो मीच. सर, तुमची पद्धत परीक्षेची रूढी आहे, एवढंच म्हणा. वार्षिक १० टक्क्यांनी वाढणारी रक्कम सहा महिन्यांत बरोबर ५ टक्क्यांनी वाढते असं धरलं तर पुढच्या सहा महिन्यांतही ५ टक्के, म्हणजे वर्षाला सव्वादहा टक्के झाले. हे विसंगत नाही का?

---

जुना_हिशेबनीस

विसंगत नाही. पुढच्या सहा महिन्यांचं ५ टक्के जुन्याच रकमेवर, कारण वर्ष संपल्याशिवाय व्याज मुद्दलात मिसळलेलं नाही. तुम्ही मधेच मिसळलंत म्हणून सव्वादहा झाले.

---

कॅल्क्युलेटरवाला

मग ते व्याज सहा महिन्यांनी हातात द्यायचं पण खात्यात मिसळायचं नाही? मला अजून पटलेलं नाही. पेपरात १६४ लिहीन, पण पटलेलं नाही.

---

कृष्णाकाठ

आज सकाळी पुन्हा सराव पेपर दिला. व्याजाचे तीन प्रश्न होते. एकात "तिसऱ्या वर्षाच्या चक्रवाढव्याज व सरळव्याजातील फरक", दर १०, मुद्दल ५०००. घाईत_आहे, तुमची आठवण आली! दोन वर्षांनी साठलेलं व्याज ५०० आणि ५५०, म्हणजे १०५०. त्यावर १० टक्के १०५. पर्यायांत १५५ पण होतं, तीन वर्षांचं.

दुसरा सहामाहीचा, तोही आला. तिसरा मात्र सोडला. त्यात पहिल्या वर्षी ४ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के असे वेगवेगळे दर होते, १०,००० वर. तिथं वर्ग कशाचा करायचा?

---

घाईत_आहे

वर्ग नाहीच. पहिल्या वर्षाचं व्याज ४००, त्यावर दुसऱ्या वर्षाचे ५ टक्के. २० रुपये. पुन्हा तुमचे तेच २०!

---

आमराई_सांगोला

पोरीला हे समदं वाचून दावलं. ती म्हनली आठवा हिस्सा न् ५१२ चं कळलं. भावाला काय बोललो नाय.